निबंधातले होता, होती, होते

‘बसस्थानकावर एक तास’ हा निबंध मराठी शाळांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या लिहिला जातो. तो लिहिण्याची एक ठरलेली भाषाही आता तयार झाली आहे. बसस्थानकावर कधी पाऊल न टाकलेला मुलगाही त्या भाषेत दीड पान सहज भरून देतो. शिक्षक ते वाचतात, शेवटी ‘भाषा सुधारा’ किंवा ‘वाक्यरचनेकडे लक्ष द्या’ असे लिहितात आणि वही परत जाते. मुलाला सुधारायचे असते, पण नेमके काय करायचे हे त्या शेऱ्यातून कळत नाही. पुढच्या निबंधात तो चार शब्द आणखी जड वापरतो आणि आपण भाषा सुधारली असे समजतो.

नववीतल्या एका मुलाने याच विषयावर लिहिलेला हा मजकूर पाहा. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. अक्षरही छान होते.

“बसस्थानक हे एक असे ठिकाण आहे की ज्या ठिकाणी अनेक प्रकारचे लोक आपल्याला पाहायला मिळतात. मागच्या रविवारी मी माझ्या मामाच्या गावाला जाण्यासाठी बसस्थानकावर गेलो होतो. त्या ठिकाणी प्रवाशांची खूप मोठ्या प्रमाणात गर्दी झालेली होती. तेथे एक आजी बाकावर बसलेली होती. तिच्या हातामध्ये एक पिशवी होती. त्या पिशवीमध्ये कोंबडीचे एक पिल्लू होते. एका बाजूला एक चहावाला चहाची विक्री करण्याचे काम करत होता. थोड्या वेळानंतर ध्वनिक्षेपकाच्या माध्यमातून बस उशिरा येणार असल्याची घोषणा करण्यात आली. ती घोषणा ऐकून सर्व प्रवासी नाराज झालेले होते. अशा प्रकारे बसस्थानकावर आपल्याला मानवी जीवनाचे दर्शन घडते असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही.”

दहा वाक्ये, 95 शब्द. तपासायला बसताना पहिले काम म्हणजे प्रत्येक वाक्याला पेन्सिलीने क्रमांक देणे. हे काम पोरकट वाटेल, पण ते केल्याशिवाय मजकुराकडे परक्याच्या नजरेने बघता येत नाही. अर्थ समजला की डोळा पुढे सरकतो आणि वाक्य दिसेनासे होते.

क्रमांक दिले की शब्दांवर एकेक करून बोट ठेवायचे आणि विचारायचे, हा झाकला तर वाचकाचे काय गेले? दुसऱ्या वाक्यातला ‘माझ्या’ झाका. मी मामाच्या गावाला निघालो म्हटल्यावर मामा माझाच असणार. काही गेले नाही. तिसऱ्या वाक्यात ‘प्रवाशांची’ झाका. बसस्थानकावर आणखी कुणाची गर्दी होणार? ‘मोठ्या प्रमाणात’ झाका. हे दोन शब्द पावसाला, कांद्याच्या आवकेला, मतदानाला, सगळ्यांनाच लागतात, म्हणून गर्दीबद्दल ते काहीच सांगत नाहीत. ‘झालेली होती’ याचे ‘होती’ केले तरी चालते. नऊ शब्दांचे वाक्य ‘तिथे खूप गर्दी होती’ एवढ्या चार शब्दांत आले.

आठव्या वाक्यापाशी थोडे थांबायला हवे, कारण आजच्या मराठी लेखनातला सगळ्यात पसरलेला रोग तिथे आहे. ‘च्या माध्यमातून’ आणि ‘करण्यात आली’ ही भाषा मुलाने घरी ऐकलेली नाही. ती सरकारी परिपत्रकांतून, बातम्यांतून आणि शाळेच्या अहवालांतून त्याच्यापर्यंत आली. वृक्षारोपण करण्यात आले, दीपप्रज्वलन करण्यात आले, आभार मानण्यात आले. कर्ता कोण ते सांगायचे नसेल किंवा सांगायची गरज नसेल तेव्हा या रचनेला जागा आहे, आणि इथे घोषणा कुणी केली याला खरोखर महत्त्व नाही. पण त्यासाठी मराठीत आधीपासून एक साधी सोय आहे. ‘करणे’च्या जोडीला ‘होणे’ असते: घोषणा केली, घोषणा झाली. ‘थोड्या वेळाने घोषणा झाली: बस उशिरा येणार.’ अकराचे सात शब्द झाले. ध्वनिक्षेपक गेला तरी चालते, कारण बसस्थानकावरची घोषणा दुसरी कशातून होणार?

सातव्या वाक्यातही हाच प्रकार आहे. क्रियापदाचे नाम करायचे, त्याला ‘करणे’ जोडायचे, वर ‘काम’ ठेवायचे: विकणे, विक्री करणे, विक्री करण्याचे काम करणे. उलट्या वाटेने परत आलो की ‘चहावाला चहा विकत होता’ एवढे उरते. आता हे चार शब्द वाचा. चहावाला दुसरे काय विकणार? फाफटपसाऱ्याचा हा एक गुण असा, की सांगण्यासारखे काही नाही हे तो झाकून ठेवतो. दहा शब्दांच्या वाक्यात ते दिसत नव्हते, चार शब्दांत उघडे पडले. हे लक्षात ठेवूया, याच्याकडे परत यायचे आहे.

पहिले आणि शेवटचे वाक्य यांची तपासणी वेगळी. तिथे शब्द झाकून भागत नाही, विषय बदलून पाहावा लागतो. ‘बसस्थानक’च्या जागी रेल्वे स्थानक, आठवडे बाजार, दवाखाना, जत्रा टाका. वाक्य जसेच्या तसे चालते. जे वाक्य कुठल्याही निबंधात बसते ते या निबंधाचे नाही. ‘असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही’ हे शेपूट तर कशालाही लागते. दोन्ही वाक्ये मिळून 30 शब्दांची, म्हणजे मजकुराचा जवळजवळ तिसरा भाग.

मराठीत शब्द मोजताना एक फसगत होते, तीही सांगून टाकतो. आपल्याकडे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला चिकटून येतात. त्यामुळे ‘हातामध्ये’ आणि ‘हातात’ मोजणीत सारखेच, एकेक शब्द. शब्दसंख्या कमी झाली म्हणजे भार कमी झाला असे नाही. ‘पिशवीमध्ये’चे ‘पिशवीत’, ‘वेळानंतर’चे ‘वेळाने’ असले बदल आकड्यात दिसत नाहीत, पण वाचताना जाणवतात.

आणि काय कापायचे नाही? दोनदा आलेला प्रत्येक शब्द फालतू नसतो. ‘गाडी येता येता राहिली’ यातला दुसरा ‘येता’ काढला तर वाक्य मरते. हळूहळू, सामानसुमान, गर्दीच गर्दी, ‘आपलीच’मधला च, ‘तो तर’मधला तर, ही सगळी मराठी बोलण्याची जिवंत अंगे आहेत. नव्या उत्साहाने लाल पेन चालवणारे यांनाही पुनरुक्ती समजून छाटतात. ‘एक’ या शब्दाबाबत मात्र सावध राहावे. या मजकुरात तो पाच वेळा आला आहे. कुणी पहिल्यांदाच भेटत असेल तर ‘एक आजी’ शोभते. पिशवीला आणि पिल्लाला तो लावायची गरज नव्हती, एका आजीच्या हातात पिशवी साधारण एकच असते.

एवढी काटछाट केल्यावर, आणि आजीची तीन वाक्ये एकत्र आणल्यावर, मूळ मजकुरातली सगळी माहिती 33 शब्दांत मावते:

“मागच्या रविवारी मामाच्या गावाला जाण्यासाठी मी बसस्थानकावर गेलो. तिथे खूप गर्दी होती. बाकावर बसलेल्या आजीच्या पिशवीत कोंबडीचे पिल्लू होते. चहावाला चहा विकत होता. थोड्या वेळाने घोषणा झाली: बस उशिरा येणार. प्रवासी नाराज झाले.”

संक्षेप झाला, निबंध मात्र झाला नाही. जुन्या काळच्या तारेसारखा मजकूर आहे हा. अनेक जण इथेच थांबतात आणि ‘आटोपशीर लिही’ असा सल्ला देतात. मुलगा म्हणतो, ‘पण शब्द भरत नाहीत.’ त्याचे बरोबरच आहे.

आता वाक्यांच्या एकसुरीपणाकडे वळू. त्यासाठी मूळ मजकूर पुन्हा घ्यावा लागेल. वाक्यवैविध्य म्हटले की पहिला सल्ला मिळतो तो लहान-मोठी वाक्ये लिहिण्याचा. मूळ मजकुरातल्या वाक्यांची लांबी अशी आहे: 15, 10, 9, 6, 5, 6, 10, 11, 8, 15. लांबीत भरपूर फरक आहे, तरी मजकूर कंटाळवाणा वाटतो. मग दोष दुसरीकडे कुठे तरी असला पाहिजे.

प्रत्येक वाक्याचा फक्त शेवटचा शब्द एका उभ्या ओळीत लिहून काढा: मिळतात, होतो, होती, होती, होती, होते, होता, आली, होते, नाही. दहापैकी सात वाक्ये होतो-होती-होते वर्गातली आणि त्यातली सहा तर सलग. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. म्हणून आपल्या गद्याचा ताल शेवटच्या शब्दावर पडतो आणि एकसुरीपणाही तिथेच ऐकू येतो. हीच गोष्ट वाक्यांच्या सुरुवातीची करून पाहा: त्या ठिकाणी, तेथे, तिच्या, त्या पिशवीमध्ये, ती घोषणा. प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याकडे बोट दाखवून सुरू होते. असे लागोपाठ घडले, की ती दोन-तीन वाक्ये मुळात एकाच वाक्याचे तुकडे आहेत असे समजावे.

चौथे, पाचवे, सहावे वाक्य असेच तुटलेले आहे. आजी, पिशवी, पिल्लू: तीन वाक्ये, 17 शब्द. ती जोडायच्या निदान तीन वाटा आहेत.

एक: ‘पिशवीत कोंबडीचे पिल्लू घेऊन एक आजी बाकावर बसली होती.’ नऊ शब्द, स्वच्छ वाक्य. पण पिल्लू सुरुवातीलाच कळून गेले. दोन: ‘बाकावर बसलेल्या आजीच्या पिशवीत कोंबडीचे पिल्लू होते.’ सात शब्द, आणि वाचकाची नजर मुलाच्या नजरेसारखी बाकावरून आजीकडे, आजीकडून पिशवीकडे आणि शेवटी पिल्लावर जाते. तीन: ‘बाकावर एक आजी. हातात पिशवी, आणि पिशवीतून डोकावणारे कोंबडीचे पिल्लू.’ क्रियापदच नाही. मराठीला हे छान चालते, पण एका निबंधात एखाद्या वेळीच. तीनदा केले तर ती लकब होते आणि तपासणाऱ्याला वाटते, वाक्ये अर्धी राहिली.

मी दुसरी वाट निवडेन. तिच्यात ‘होते’ कायम आहे, तरीही. एका ‘होते’ने काही बिघडत नाही, बिघडते ते सलग सहांनी. कुठलीही वाट निवडा, पण वाक्यातला महत्त्वाचा शब्द कुठे पडतो ते पाहून निवडा. केवल, संयुक्त आणि मिश्र वाक्ये मुले व्याकरणात शिकतात, परीक्षेत ओळखतातही. तोच प्रकार स्वतःच्या निबंधात वापरायचा असतो हे त्यांना कुणी सांगत नाही. व्याकरणाची वही वेगळी आणि निबंधाची वेगळी.

जोडण्याचाही अतिरेक होतो. ‘वाक्ये जोड’ म्हटले की मुले ‘ऊन’ची माळ लावतात: स्थानकावर जाऊन, तिकिटाची चौकशी करून, बाकावर बसून, चहा पिऊन मी वाट पाहू लागलो. शिवाय ‘ऊन’ आणि मुख्य क्रियापद यांचा कर्ता सहसा एकच हवा. ‘धावत फलाटावर पोहोचून बस निघून गेली’ असे लिहिले की बसच धावत आली असे होते. तिथे ‘मी धावत फलाटावर पोहोचेपर्यंत बस निघून गेली’ असेच हवे.

क्रियापद शेवटून उचलून पुढे आणणे ही आणखी एक युक्ती. ‘बस एकदाची आली’ आणि ‘आली एकदाची बस!’ यात शब्द तेच, पण दुसऱ्यात सुटकेचा श्वास आहे. प्रसंगलेखनात अशी उलथापालथ खुलते. वैचारिक लेखनात ती जपून करावी, तिथे दर परिच्छेदाला उद्गार आला की विचार पातळ वाटू लागतो.

आता त्या चहावाल्याकडे जाऊ. काटछाटीने रिकामी जागा दाखवून दिली. ती भरणे तपासणाऱ्याचे काम नाही. आपण स्वतःहून ‘वाफाळता चहा’ वगैरे लिहून दिले तर निबंध आपला होतो आणि मुलाच्या हाती काहीच लागत नाही. इथे सूचना प्रश्नाच्या रूपात द्यावी. या मुलाला विचारले, “चहावाला काय करत होता रे? सगळे चहावाले करतात ते नको. हा काय करत होता ते सांग.”

तो लगेच म्हणाला, “बाई, तो ना आमच्याकडे बघतच नव्हता. आधी ड्रायव्हर-कंडक्टरला द्यायचा, मग बाकीच्यांना.”

“आणि आजी?”

“ती पिल्लाला रागवत होती. ते मान बाहेर काढायचं ना. म्हणायची, थांब, आपलीच गाडी लागेल आता.”

“गर्दी खूप म्हणजे किती?”

“सगळं सामानच होतं खाली. त्यातून चालावं लागत होतं.”

“बस किती उशिरा येणार होती?”

“एक तास.”

हे सगळे त्याच्याकडे होते. निबंधाचे नावच ‘बसस्थानकावर एक तास’, आणि तो तास निबंधात कुठेच आला नव्हता! बोलताना इतके नेमके सांगणारा मुलगा लिहिताना ‘मोठ्या प्रमाणात’ का लिहितो? मला वाटते, घरची बोली वहीत चालणार नाही ही धास्ती फार लवकर बसते. मग मूल परिपत्रकाची भाषा चिलखतासारखी घालते. ज्यांच्या घरची मराठी पाठ्यपुस्तकातल्या मराठीपासून दूर आहे त्यांच्या वहीत ही भाषा अधिक जाड असते, हे वह्या तपासणाऱ्या कुणालाही विचारावे.

त्याने पुन्हा लिहिलेला मजकूर असा. माझ्या सूचना समासात होत्या, वाक्ये त्याची आहेत.

“मागच्या रविवारी मामाच्या गावाला जायला मी बसस्थानकावर गेलो. फलाटावर सामानातून वाट काढावी लागत होती. बाकावर बसलेल्या आजीच्या पिशवीत कोंबडीचे पिल्लू होते. त्याने मान बाहेर काढली, की आजी त्याला दटावायची, ‘थांब, आपलीच गाडी लागेल आता.’ चहावाला मात्र प्रवाशांकडे बघतही नव्हता. आधी ड्रायव्हर-कंडक्टरचा चहा, मग बाकीचे. थोड्या वेळाने घोषणा झाली: बस एक तास उशिरा येणार. कुणी घड्याळ पाहिले, कुणी घरी फोन लावला. आजीने पिशवीचे तोंड सैल केले.”

नऊ वाक्ये, 65 शब्द. शेवटचे शब्द उभे लिहून पाहा: गेलो, होती, होते, आता, नव्हता, बाकीचे, येणार, लावला, केले. वैविध्य आणायचे म्हणून आणलेले इथे काही नाही. सांगण्यासारखे नवे आले तसे क्रियापद आपोआप बदलले, कारण दटावणे, फोन लावणे, सैल करणे या गोष्टी ‘होती’मध्ये मावतच नाहीत. ‘सर्व प्रवासी नाराज झालेले होते’ हे वाक्य गेले आणि नाराजी घड्याळात व फोनमध्ये आली. ‘कुणी... कुणी...’ ही एकाच साच्याची दोन टोके आहेत, तरी ती तोडू नयेत. तिथली सारखी रचना मुद्दाम केलेली आहे. सलग सहा ‘होती’ मात्र कुणी मुद्दाम केले नव्हते, ते घडले होते.

समासातल्या सूचनाही द्यायला हरकत नाही, कारण शेरा कसा असावा हा खरा अडचणीचा भाग आहे. पहिल्या वाक्यापाशी लिहिले होते: ‘हे वाक्य दवाखान्यालाही चालेल. काढले तर काय बिघडेल?’ तिसऱ्यापाशी: ‘किती गर्दी? पायाला काय लागत होते?’ आजीपाशी: ‘तिन्ही वाक्ये एक कर, पिल्लू शेवटी येऊ दे.’ आठव्यापाशी: ‘“करण्यात आली”ऐवजी “झाली” करून मोठ्याने वाच.’ एवढेच. नववे वाक्य मी सोडून दिले, ते त्याने स्वतःच बदलले. एका निबंधावर चार-पाच सूचना पुष्कळ होतात. प्रत्येक ओळ लाल केली तर मूल सगळ्याच सूचना सारख्या महत्त्वाच्या समजते, म्हणजे एकही महत्त्वाची समजत नाही.

‘मोठ्याने वाच’ या सल्ल्याला एक मर्यादा आहे. स्वतः लिहिलेले मूल सुरात वाचून दाखवते, पाठ असल्यासारखे, आणि होती-होती त्याच्या कानाला लागत नाही. वही शेजारच्याला वाचायला द्यावी. तो जिथे गडबडतो किंवा गाणे म्हटल्यासारखा वाचू लागतो, तिथे पेन्सिलीची खूण करावी.

राहिला परीक्षेचा प्रश्न. पालक हमखास विचारतात: सुरुवात आणि समारोप काढून टाकले तर गुण जातील का? निबंधाला सुरुवात, मध्य, शेवट हवा ही अपेक्षा शाळांमधून पक्की बसली आहे आणि तपासणारा ती शोधतो हे खरे. म्हणून समारोप ठेवायचा असेल तर खुशाल ठेवावा, पण तो याच बसस्थानकाचा असावा. या मुलाने वार्षिक परीक्षेसाठी शेवटी एक वाक्य जोडले: ‘तासाभराने बस लागली, तेव्हा चहावाल्याच्या आधी आजीला कळले होते.’ कसे कळले, असे मी विचारले. तो म्हणाला, “तिने पिशवीचं तोंड बांधलं होतं ना.” मी म्हटले, तेही लिही, पाच-सहा शब्दांचीच तर गोष्ट आहे.